आत्याचे हजार रुपये आणि अधिक महिना

आत्या तळेगावला प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. नोकरीची आठ वर्षे उरली होती आणि गाठीला एक हजार रुपये होते. निवृत्तीनंतर भावाच्या घरी, म्हणजे आमच्या घरी, राहायचे नाही एवढे तिने ठरवले होते. त्यासाठी हे हजार वाढायला हवे होते.

जागा दोन होत्या. कारंजाचे एक कापसाचे व्यापारी ठेव घेत आणि शेकडा आठ आणे महिना व्याज देत, म्हणजे वर्षाला शेकडा सहा. पण ते सरळव्याज. वर्ध्याची एक सहकारी बँक शेकडा पाच देई, मात्र दर वर्षी व्याज मुद्दलात मिळवून. वडील व्यापाऱ्याच्या बाजूने होते. दिवाळीच्या सुटीत मी घरी आलो, आत्याही आली होती, तेव्हा हा प्रश्न माझ्यापुढे ठेवण्यात आला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी वर्ध्याला कॉमर्स शिकत होतो.

मी विचार न करता सांगितले की चक्रवाढ व्याज सरळव्याजापेक्षा नेहमी जास्तच होते.

आत्याने पाटी पुढे सरकवली. तिच्या शाळेत उत्तराला निम्मेच गुण असत, बाकीचे रीतीला.

सरळव्याज एका ओळीत संपले. वर्षाला साठ, आठ वर्षांचे चारशे ऐंशी, एकूण चौदाशे ऐंशी. मग बँक. पहिल्या वर्षी व्याज पन्नास. दुसऱ्या वर्षी एक हजार पन्नासवर बावन्न रुपये आठ आणे. तिसऱ्या वर्षी अकराशे दोन रुपये आठ आण्यांवर पंचावन्न रुपये दोन आणे. चौथ्यापासून पै सुरू झाली आणि पाटी अपुरी पडू लागली, तेव्हा मी वहीचा कागद घेतला. आठव्या वर्षाअखेर चौदाशे सत्याहत्तर रुपये, सात आणे, तीन पै.

मी पुन्हा केले. तिसऱ्यांदाही केले. व्यापारी दोन रुपये, आठ आणे, नऊ पैंनी पुढेच राहिला.

वडिलांनी विचारले, "फी किती भरली रे यंदा?"

दर सारखाच असता तर माझे म्हणणे बरोबर होते, असे मी हळूच म्हणालो. दर सारखा नव्हता हे सगळ्यांना आधीपासून माहीत होते.

आत्या म्हणाली, "नववं काढ."

नवव्या वर्षी बँक पंधराशे एक्कावन्न रुपये, पाच आणे, तीन पै. व्यापारी पंधराशे चाळीस. मी कागद तिच्यापुढे केला. वडिलांनी आठवण करून दिली की निवृत्ती आठव्या वर्षी आहे.

"आठव्या वर्षी नोकरी सुटन," आत्या म्हणाली. "मी लगेच मरून थोडी राह्यली."

मग तिने मला विचारले, कारंजाचे शेटजी व्याजात अधिक महिना धरतात का? मला कळले नाही. कॉलेजात वर्षाला बाराच महिने असत. शेटजींची वही मात्र दिवाळी ते दिवाळी, तिथीने चाले, आणि अधिक महिना आला की वर्षाचे तेरा होत. आत्याने एकोणीस वर्षांपूर्वीपासूनची पंचांगे काढली; अधिक महिने तेवढ्या वर्षांनी बहुधा त्याच क्रमाने येतात. नऊ वर्षांत असे तीन महिने येणार होते आणि तिन्ही पहिल्या आठांतच. महिन्याला पाच रुपये, म्हणजे पंधरा रुपये जास्त. ते धरले तर आठव्या वर्षी चौदाशे पंच्याण्णव, नवव्या वर्षी पंधराशे पंचावन्न. बँक दोन्हीकडे मागे. माझा अर्धा दिवस पुन्हा वाया गेला होता, आणि आता वडील मला चहा देत होते.

बाजाराच्या दिवशी आत्या आणि वडील कारंजाला गेले. मी गेलो नाही. परत आल्यावर काय झाले ते आत्यानेच सांगितले. शेटजींनी तिला सन्मानाने बसवले होते. कर्जदाराकडून ते तेरा महिन्यांचे व्याज घेतात, हे त्यांनी न लाजता सांगितले. ठेवीदाराला मात्र बाराचेच देतात.

"अक्का, तरी आठव्या वर्षी अडीच रुपये जास्तच भेटते ना," वडील म्हणाले.

"घेताना तेरा मोजते अन् देताना बारा," आत्या म्हणाली. "अशा माणसाजवळ हजार ठेवून मले झोप येईन का? अडीच रुपये झोपेचे गेले असं समजू."

मी म्हणालो की ते दोन रुपये, आठ आणे, नऊ पै आहेत. तिने मान डोलावली. रीतीला गुण असतात.

पैसे बँकेत गेले. माझा कागद तिने पासबुकात घडी करून ठेवला. नऊ वर्षांच्या नऊ ओळी. तो बरोबर आहे याची मला खात्री होती, तरी वसतिगृहात मी तो आठवून पुन्हा दोनदा मांडला.

वर्षाने तिचे कार्ड आले. प्रकृती, पाऊस, शाळेचे इन्स्पेक्टर येऊन गेले, आणि खाली: "बँकेने पन्नास रुपये जमा केले. तुझी पहिली ओळ बरोबर निघाली. आठ राहिल्या."