धाकट्या जावेचे तळवे खाजत होते

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मला दिवस गेले आणि उदगीरच्या आमच्या घरात मी एकदाची माणसांत आले. तोवर येणारी प्रत्येक बाई आधी माझ्या पोटाकडे बघायची, मग चहाचा कप उचलायची. तीनच आठवड्यांनी धाकट्या जावेलाही दिवस गेले. तिच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. पेढे दोघींचे मिळून एकदाच वाटले आणि माझं कौतुक अर्ध्यावर आलं. आज सांगताना लाज वाटते, पण मी तिला पाण्यात पाहत होते.

मला नववा लागला तसं पोटावर पुरळ उठलं. ताणाच्या रेघांवर लाल लाल गांधी आल्या आणि त्या पार मांड्यांपर्यंत उतरल्या. सासूबाई घाबरल्या. कडुलिंबाचा पाला आला, खोबरेल आलं, शेजारणी बघायला आल्या. मी पदर बाजूला करून दाखवायची. खाज खरीच होती, पण त्या वर्दळीचं सुखही होतं.

खाजत धाकटीलाही होतं, पण तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तळहात आणि तळपाय खाजायचे, दिवस मावळला की जास्तच. कातडी मात्र साफ. दिसायचे ते तिच्याच नखांचे ओरखडे. आईविना पोर, तिला माहेरही नव्हतं. गार वाटतं म्हणून ती मेंदी भिजवून तळव्यांना थापायची.

"माझं बघून हिलाबी खाजायलंय," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "अन् मेंदीची हौस तर लईच!"

सगळे हसले. तीही हसली, एक पाय दुसऱ्या पायावर घासत.

नवऱ्यानं मला लातूरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तो बाहेर थांबला. बाईंनी पोट नीट बघितलं. पुरळ रेघांवरच सुरू झालं होतं, बेंबीभोवतीची जागा मोकळी होती. तळहात-तळपाय खाजतात का, लघवी गडद होते का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

"मग घाबरू नका. दिसायला वाईट आहे, पण बाळाला यानं काही होत नाही. मलम लावा. बाळंत झालात की जाईल."

चिठ्ठी लिहिता लिहिता त्या पुढे म्हणाल्या, "अंगावर पुरळ नसतं आणि नुसते तळवे खाजले असते, तर आजच रक्त तपासलं असतं. ती खाज लिव्हरची असू शकते. पित्तातले घटक रक्तात साठतात. आईला खाजेचाच त्रास होतो, पण प्रमाण फार वाढलं तर पोटातलं बाळ दगावू शकतं. अजून काही विचारायचंय?"

मला त्या खुर्चीतच कळलं होतं. मी म्हणाले, "न्हाई."

घरी येऊन मलम दाखवलं आणि बाकीच्याबद्दल तोंडात मिठाची गुळणी धरली. सांगितलं असतं तर माझं पुरळ किरकोळ ठरलं असतं आणि तिची खाज मोठी. दुसरं काही कारण नव्हतं, शोधूनही सापडत नाही. 'असू शकते' म्हणाल्या, 'आहे' कुठं म्हणाल्या, अशी मी मनाची समजूत घालत राहिले. असे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात आली.

"अक्का, लघवी लई गडद व्हायलीय. तुमाला बी व्हती का?"

"पाणी पी," मी म्हणाले.

तिनं तांब्या उचलला आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या सगळा रिकामा केला. मग मोठ्या माणसानं बरोबर सांगितलं, अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं. ते मला सोसवलं नाही. मी सासूबाईंकडे गेले आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाई एक सांगितल्या व्हत्या, आत्ता ध्यानात आलं." इतकं खोटं तेव्हाही घातलंच.

तासाभरात सासूबाई आणि धाकटे दीर तिला घेऊन लातूरला निघाले. लिव्हरची तपासणी बिघडलेली आली आणि पित्ताचा आकडा तर फारच वर गेलेला. तिला दाखल करून घेतलं, गोळ्या सुरू झाल्या, बाळाच्या ठोक्यांवर रोज लक्ष ठेवलं. तारखेची वाट बघण्यात धोका आहे म्हणून डॉक्टरांनी महिनाभर आधीच कळा आणल्या. मुलगी झाली. चार दिवस काचेच्या पेटीत होती, पण वाचली. मग माझा मुलगा झाला आणि माझं पुरळ पंधरा दिवसांत गेलं.

"अक्काच्या ध्यानात आलं म्हनून माझं लेकरू हाय," असं ती तेव्हापासून येईल त्याला सांगते. सासूबाईंनी मला साडी घेतली. मी ती घेतली आणि नेसलेसुद्धा.

आता तिला पुन्हा आठवा चालू आहे. ही खाज दुसऱ्या खेपेलाही उलटू शकते, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. परवा सकाळी तिनं माझ्या दाराची कडी वाजवली.

"अक्का, कालपासनं हात खाजायलेत. घरात कुनालाच बोलले न्हाई, आधी तुमच्याकडं आले. तुमाला लगेच कळतंय."

मी चपला घातल्या आणि तिला घेऊन निघाले. लातूर येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. मला तेव्हाही लगेचच कळलं होतं, हे सांगायला मी तिला उठवलं नाही.