ठोकेकाकांनी कापलेली इंचभर टेप

गाण्याचं नाव घेऊन आलेलं गिऱ्हाईक ठोकेकाकांना मुळीच आवडायचं नाही. "नाव माहीत हाय तर मला कशाला तरास देतो? त्या कपाटातनं काढ अन् जा," असं तोंडावर सांगायचे. नाव विसरलेला, शब्द गिळलेला, नुसतं "ते नाही का, हळदीत वाजतं ते" म्हणणारा माणूस आला, की मात्र स्टूल पुढे सरकवायचे आणि चहा सांगायचे. धंद्याची ही रीत मला तरी कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

नाशिकच्या द्वारका चौकात, जिथे पूर्वी ट्रक रांगेनं उभे राहायचे, तिथे त्यांचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. काका मूळचे हरसूलकडचे. तरुणपणी बँजो पार्टीत ढोल वाजवायचे, म्हणून ठोकेकाका. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या दहाव्याच्या दिवशी कळलं. पंजाबी ड्रायव्हर मुक्कामाला थांबले की गाणी भरून घ्यायला यायचे, गुणगुणायचे, काउंटर बडवायचे. त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्या सरदारजींनी काकांना पंजाबी ढोलाच्या दोन काठ्या दिल्या होत्या. एक जाड आणि वाकडी, तिचा आवाज पोटात जातो. दुसरी वेताची बारीक, ती कानाशी तडतडते. दोन्ही काठ्या शेवटपर्यंत गल्ल्यामागे खिळ्याला टांगलेल्या होत्या.

दुकानातलं कपाटही जगावेगळं. कॅसेट गायकाच्या नावानं नाही, ठेक्यानं लावलेल्या. एका फळीवर 'सरळ', दुसरीवर 'झुलता', तिसरीवर 'संथ'. मी एकदा म्हटलं, "काका, असं दुकान कोणी लावतं का?" तर म्हणाले, "माणूस शब्द विसरतो, चेहरा विसरतो. पायानं ऐकलेलं नाय विसरत. मी पायाच्या हिशेबानं लावलंय."

मी त्यांच्याकडे गेले ते आईमुळे. आमचा दादा ट्रकवर होता, आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. वीस-बावीस वर्षांपूर्वी घाटात त्याची गाडी गेली आणि गाडीबरोबर त्याच्या कॅसेटही गेल्या. जायच्या आधी महिनाभर चुलत बहिणीच्या हळदीत तो आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत नाचला होता. टेपरेकॉर्डर खुर्चीवर ठेवून, सगळ्या बायकांना हसवत. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की तांदळाच्या डब्यावर बोटं वाजवते. आणि दर वेळी एका ठरावीक जागी अडखळते. बोटं वर उचललेली राहतात, मग पुन्हा सुरू. मी स्वयंपाकघरात असले तरी ती जागा यायच्या आधी माझा श्वास थांबायचा. त्या रिकाम्या जागेत दारातून कोणीतरी आत येऊन गेल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटायची.

गेल्या वर्षी आई म्हणाली, "त्याचा आवाज कसा होता गं? मला आता आठवत नाही. पण पाय दिसतात. ते गाणं एकदा लाव ना." मी मोबाईलला गुणगुणून दाखवलं. त्यानं मला भजनापासून जाहिरातीपर्यंत सगळं ऐकवलं. शेवटी ऑफिसातल्या शिपायानं ठोकेकाकांचं नाव सांगितलं. मी आईला रिक्षात घातलं आणि द्वारका गाठली.

दुकानात तेव्हा पुढे मोबाईलची कव्हरं लटकत होती आणि कॅसेटचं कपाट मागे गेलं होतं. काका सत्तरी पार केलेले, कान मात्र शाबूत. दादाचं, त्याच्या ट्रकचं आणि घाटाचं मी थोडक्यात सांगितलं. आई घाईघाईनं म्हणाली, "भाऊ, त्यात ते मुडावे, मुडावे असं काहीतरी..."

"शब्द मागाहून, ताई. आधी हात."

आईनं काउंटरवर वाजवलं. काकांनी डोळे मिटले. "ठोके सारखे नायत. जोडीतला पहिला लांब, दुसरा आखूड. म्हंजे झुलता." दोन फळ्या बाद झाल्या. मग त्यांनी आईच्या एका हाताखाली पुठ्ठ्याचा खोका सरकवला आणि दुसऱ्या हातात पेन्सिल दिली. "जाड ठोका खोक्यावर, बारीक पेन्सिलीनं. सावकाश." आईनं वाजवलं आणि काका बोटांवर मोजत बोलले, "धा ना ना ना, ना धा धा ना. आठ. जाड कुठं पडतो? पहिल्याला, सहाव्याला, सातव्याला. ही भांगड्याची चाल. सहा-सात लागोपाठ पडतात ना, तिथं माणूस जमिनीवरनं उचलला जातो."

"मग सापडलं?" मी विचारलं.

"अगं, अर्धं पंजाब याच चालीवर नाचतं. आता शब्द."

आईनं म्हटलं. काकांना अर्थाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी विचारलं ते असं: पहिलं अक्षर पहिल्या ठोक्यावर पडतं, की आधीच उचललेलं असतं? आईनं तीनदा म्हणून पाहिलं. 'मुड' आठव्या ठोक्यावर येत होतं आणि 'आ' पहिल्या जाड ठोक्यावर. "उचललेलं," काका म्हणाले. "अन् शेवटी 'वे' का 'नी'?"

"वे."

"नक्की? पंजाबीत बाईला हाक मारताना 'नी' म्हणत्यात, पुरुषाला 'वे'. मग आवाज बायांचा असणार."

आई चपापली. "हो! दोघी-तिघी बायाच होत्या."

"त्यांचं झालं की ढोल थांबतो अन् आपल्या तुणतुण्यासारखी एकतारी वाजते?"

"वाजते. तेव्हा तो खांदे उडवायचा," आई म्हणाली आणि पदर तोंडाशी नेला.

काकांनी झुलत्या फळीवरून तीन कॅसेट काढल्या. पहिलीत एकतारी नव्हती. दुसरीत बायका थेट पहिल्या ठोक्यावर सुरू होत होत्या. तिसरी लावली. तेच गाणं. हळदीचा मांडव, खुर्ची, दादाचा घामेजलेला शर्ट, सगळं समोर उभं राहिलं. मी आईकडे पाहिलं. ती बोटं वाजवत होती, चेहरा उजळला होता. मग दुसऱ्यांदा 'मुड आ वे' आलं. आईची बोटं हवेत थांबली, गाणं मात्र सरळ पुढे निघून गेलं. आईचा चेहरा पडला.

"हे नाही," ती म्हणाली.

"ताई, हेच हाय. चाल तीच, उचल तीच..."

"भाऊ, हे त्याचं नाही. त्याचं इथे उडी मारायचं. तो पाय वर धरून थांबायचा अन् मला डोळा मारायचा."

काकांनी टेप बंद केली. "पुन्हा वाजवा. तेवढंच." आईनं वाजवलं: धा ना ना ना ना... ना. सहावा आणि सातवा ठोका नव्हता. काका खाली बसले.

"ही उडी गाण्यात नाय," ते म्हणाले. "ही माझी हाय."

मग त्यांनी सांगितलं. दादानं ती कॅसेट त्यांच्याकडूनच भरून घेतली होती आणि त्याच्या ट्रकमधल्या टेपनं ती चघळली होती. काकांनी चुरगळलेला तुकडा कापून टोकं जोडून दिली आणि त्यात इंचभर टेप गेली. नेमका सहावा-सातवा ठोका. दादा दुसऱ्या खेपेला हसत आला होता, "काका, माझे दोन ठोके खाल्लेत तुम्ही." काकांनी शब्द दिला, पुढल्या फेरीला नवी भरून ठेवतो. त्यांनी ठेवलीही होती. वरच्या फळीवर, धूळ पुसलेली, पाठीवर पेनानं 'दोन ठोकेवाला'.

"मला वाटलं पोरगं रागावलं, दुसरीकडनं भरून घेतली," काका म्हणाले. "इतकी वरसं मनात शिव्या दिल्या त्याला. तो गेलाय हे मला आज कळतंय, ताई." आणि ते रडले. आई रडली नाही. तिनं काकांच्या पाठीवरून हात फिरवला, जसा दादाच्या फिरवायची.

मग काकांनी वरच्या फळीवरची कॅसेट काढली, टेपरेकॉर्डरवर ती जागा पुन्हापुन्हा ऐकली आणि टेपवर पांढऱ्या पेन्सिलीनं दोन खुणा केल्या. ब्लेड घेतलं. मी म्हटलं, "काका, चांगली कॅसेट आहे ती." ते म्हणाले, "चांगली हाय, पण त्याची नाय." इंचभर तुकडा कापून त्यांनी टोकं शेजारी-शेजारी लावली आणि मागच्या बाजूनं चिकटपट्टी दाबली. इतकी वर्षं जी चूक त्यांना सलत होती, तीच चूक त्यांनी जशीच्या तशी पुन्हा केली.

टेप लावली. दुसरं 'मुड आ वे' आलं. धा ना ना ना ना, ना. आईनं स्टुलावर बसल्या बसल्या उजवा पाय वर उचलला आणि दाराकडे बघून हसली. आम्ही दोघांनीही वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं, लटकणारी कव्हरं तेवढी हलत होती.

आईला रिक्षात बसवून मी पैसे द्यायला परत गेले, तर काकांनी माझा हात मागे लोटला. कागदाच्या पुडीत तो कापलेला तुकडा दिला. "मुड आ वे म्हंजे काय, ठाव हाय? मागं फिर रे, परत ये. ताईंना नको सांगूस." मी सांगितलं नाही. तिला ते ठाऊक नसेल, असं मात्र मला वाटत नाही.

काका थंडीत गेले. दहाव्याला मी गेले होते. दुकानात आता नुसती कव्हरंच आहेत, काठ्यांचा खिळा तेवढा राहिलाय. वरातीत चाल वाजायला लागली, की मला ती पूर्ण ऐकवत नाही. कोणीतरी मध्येच दोन ठोके जास्तीचे घुसवल्यासारखे वाटतात.

आई अजून दिवा लावून डबा वाजवते. कॅसेट उशाशी असते, पण रोज लावत नाही, झिजेल म्हणते. ती जागा जवळ आली की मी हातातलं काम थांबवते. आता भीती वाटत नाही. तिची बोटं वर थांबतात, घरात काहीच वाजत नाही, आणि ते दोन ठोके माझ्या कपाटात, कागदाच्या पुडीत असतात.