पंधरा वर्षांचं अभिनंदन

माझी ताई खोटं बोलत नाही. खरं सांगायला मात्र तिला फार वेळ लागतो. लहानपणी तिचा पाय मुरगळला तर ते आम्हाला दोन दिवसांनी कळायचं, पायाचा भोपळा झाल्यावर. त्यामुळे तिची नोकरी गेली हे मला आठव्या दिवशी कळलं, याचं मी फारसं वाईट वाटून घेतलं नाही. फक्त फोनवर दहा मिनिटं ओरडले आणि मग तिच्याकडे राहायला गेले. मी भाषा शिकवते, शाळेला सुट्टी होती, आणि ओरडणं समोरासमोर जास्त चांगलं जमतं.

औषधांची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात ताई डिस्पॅच बघायची. कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये, कुठला ट्रक कधी सुटणार, आणि सगळ्यांना एकाच दिवशी माल हवा असेल तर कुणाला थांबवायचं, हे ती ठरवायची. वरच्यांनी ठरवलं की हे काम आता दुसऱ्या शहरातून होईल. साहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि वीस मिनिटांत जवळजवळ पंधरा वर्षं आटोपली. भावजी गेल्यापासून घर तिच्या एकटीवर. भाची कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिला सहा महिन्यांच्या आत नोकरी लागायलाच हवी होती, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं आणि जेवताना आम्ही तिघीही हवापाण्यावर बोलायचो.

"लिंक्डइनवर लिही," भाची रोज सांगायची. "सगळे लिहितात आई."

"लिहिते गं."

लिहायची कसली! पहिला मसुदा मी वाचला आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं. 'कोणतंही काम असेल तरी कृपया कळवावे, मी आभारी राहीन.' मी म्हटलं, "ताई, तू नोकरी मागतेयस की भीक?" दुसरा भाचीने लिहिला. त्यात एक सुंदर प्रवास संपला होता, नवी क्षितिजं खुणावत होती आणि ताईचं हृदय कृतज्ञतेने भरून आलं होतं. ताईने तो मोठ्याने वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "ही बाई कोण? मेली का?" त्या दिवसांत आम्ही हसलो ते एवढंच.

खरी गोष्ट अशी की तिला लाज वाटत होती. तिने 'काम शोधत आहे' ही खूण लावली होती, पण ती फक्त भरती करणाऱ्यांनाच दिसेल अशी. फोटोभोवती सगळ्यांना दिसणारी हिरवी पट्टी लावायला ती तयारच होईना. "कपाळावर पाटी लावून फिरू का मी?" म्हणायची. त्या चोरट्या खुणेने आलं काय, तर एक बायोडेटा सुधारून देणारा, एक विमा विकणारा, आणि एक मुलगी, जिने ताईला ट्रक चालवता येतो का म्हणून विचारलं. ताई दिवसातून चाळीस वेळा फोन उघडायची. मी स्वयंपाकघरातून बघायची. अंगठा वर जायचा, खाली यायचा, चेहरा तसाच.

आणि एक गोष्ट तिने केलीच नव्हती. प्रोफाइलवर जुन्या नोकरीपुढे शेवटची तारीख घातली नव्हती. "घालते गं, पोस्ट लिहिली की एकदमच घालते." त्यामुळे त्या साइटच्या लेखी ती अजून तिथेच कामाला होती.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि फोन वाजायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. ताई धावली. मला वाटलं, आली बाई नोकरी!

'पंधरा वर्षं पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन!' 'अभिनंदन मॅडम!' 'क्या बात है, अशीच प्रगती होत राहो!'

त्या दिवशी तिला तिथे लागून बरोबर पंधरा वर्षं होत होती. साइटला कुठे माहीत काय झालंय. साइटने आपणहून ताईच्या ओळखीच्या सगळ्यांना कळवून टाकलं, आणि लोकांनी समोर आलेलं तयार बटण दाबलं. वाहतूकवाले, खोक्यांचा कागद पुरवणारे, दोन जुनी गिऱ्हाइकं. अकराव्या संदेशावर ताईचा अंगठा थांबला. तो साहेबांचा होता. पाण्याचा ग्लास पुढे सरकवणाऱ्या साहेबांचा! 'अभिनंदन', आणि पुढे टाळ्यांचं चित्र.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दे इकडे तो फोन! या माणसाला मी असं उत्तर देते की पुन्हा टाळी वाजवणार नाही जन्मात." मी खरंच लिहायला बसले. चांगलं लिहिलंही होतं, निर्लज्ज हा शब्द दोनदा आला होता.

ताईने ते वाचलं आणि शांतपणे पुसून टाकलं. "हे लिहिलं तर उद्या मला कोण घेईल?" मग ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "एकतीस जणांना वाटतंय मी तिथे आहे. आता मी गप्प बसले तर ते खोटं बोलणं झालं गं."

वीस मिनिटांत तिने लिहिलं. मी एक स्वल्पविराम तेवढा हलवला.

'आज ज्यांनी पंधरा वर्षांबद्दल अभिनंदन केलं त्यांचे आभार. पण मी पाच आठवड्यांपूर्वीच तिथून बाहेर पडले आहे. माझं काम दुसऱ्या शहरात हलवलं गेलं. प्रोफाइल बदलायला उशीर केला, ही चूक माझी. मी डिस्पॅचचं नियोजन करते. सगळं सुरळीत असतं तेव्हा माझं काम कुणाला दिसत नाही. माल अडकतो तेव्हा आधी कुणाला पाठवायचा आणि थांबणाऱ्याला खरं काय ते वेळेत कसं सांगायचं, हे मला चांगलं जमतं. औषधं, खाद्यपदार्थ किंवा जिथे उशीर चालत नाही अशा ठिकाणी असं काम असेल, तर मला बोलायला आवडेल. पुढच्या महिन्यापासून रुजू होऊ शकते.'

कृपया नाही, क्षितिज नाही. तिने आधी शेवटची तारीख घातली, मग पोस्ट टाकली आणि फोन उलटा ठेवून उरलेल्या घड्या घालायला लागली. एक उशीचा अभ्रा तिने चार वेळा उलगडला.

तासाभरात दोन लाईक आली. एक माझं, एक भाचीचं.

"काढा ती!" ताई ओरडली. "दोन लाईक आणि दोन्ही घरची! वर तुम्हा दोघींचे चेहरे माझ्यासारखेच!"

नव्वद जणांनी पोस्ट बघितल्याचं खाली दिसत होतं. बघून गेले, बोललं कुणी नाही. ताई म्हणाली, "बघतात आणि जातात. मला माहितेय." ते 'मला माहितेय' तिने अशा आवाजात म्हटलं की मी विचारलं, काय माहितेय?

तेव्हा तिने लंबूचं सांगितलं. लंबू सहा वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा, गोदामाचा हिशेब संगणकावर ठेवायचा. दोन वर्षांपूर्वी पहिल्या कपातीत त्याला काढलं. त्याने अशीच पोस्ट टाकली होती. ताईने ती वाचली, पुन्हा वाचली, पण लाईकचं बटण दाबलं नाही. साहेब बघतील, पुढच्या यादीत माझं नाव घालतील, अशी भीती वाटली. "मला वाटलं, सगळं निवळलं की फोन करेन. नाही केला गं. तोंडच नव्हतं."

मला ओरडता येतं, पण ते तिथे ओरडण्यासारखं नव्हतं.

दुपारी तीनला पहिली प्रतिक्रिया आली. लंबूची.

'मी सहा वर्षं हिच्या शेजारी बसलो. एकदा आमची सगळी यंत्रणा दोन दिवस बंद पडली, तेव्हा हिने भिंतीवर कागद चिकटवून सगळे ट्रक सोडले आणि ज्यांना उशीर होणार होता त्यांना त्यांनी विचारायच्या आधी फोन केला. एकही गिऱ्हाईक गेलं नाही. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी उशीर करू नये. आमच्याकडे आहे, मी आत्ताच बोलायला जातोय.'

ती वाचून ताई रडली. मग त्या प्रतिक्रियेमुळे पोस्ट लंबूच्या ओळखीच्यांना दिसायला लागली, कागदवाल्याने काहीतरी लिहिलं, एका गिऱ्हाइकाने लिहिलं, संध्याकाळपर्यंत बघणाऱ्यांचा आकडा पाच हजारांवर गेला. ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती लंबूला फोन लावत होती आणि वाजायच्या आधी कापत होती. चौथ्या वेळी मी फोन हिसकावून लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला.

"बोल गं," लंबू म्हणाला. "शुक्रवारी दहाला यायचंय तुला. तो भिंतीवरच्या कागदांचा फोटो आहे का अजून? असेल तर घेऊन ये."

"मी तुझ्या पोस्टवर काहीच..." ताई म्हणाली.

"माहितेय मला."

"मी वाचली होती."

"तेही माहितेय. कोण आपलं प्रोफाइल बघून गेलं ते दिसतं तिथे. त्या आठवड्यात तू तीनदा आली होतीस. तुझी काळजी दिसत होती मला. पण खरं सांगू, तेव्हा एक ओळ लिहिली असतीस ना, तर बरं झालं असतं. तुझ्या ओळखीच्या शंभर लोकांना माझी पोस्ट दिसली असती. मला अकरा महिने लागले."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. ताई डोळे मिटून बसली होती.

"माफ कर मला," ती म्हणाली.

"केलं. आणि ती हिरवी पट्टी लाव, लाजू नकोस. मी अकरा महिने लावली होती, काही झिजलो नाही."

फोन ठेवल्यावर तिने पहिलं काम ते केलं. फोटोभोवती हिरवी कड आली. "वाईट नाही दिसत," ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली.

शुक्रवारी ती गेली. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली, मग तीन आठवडे सगळं चिडीचूप. आमचा जीव टांगणीला. रोज फोन वाजला की तिघी एकदम उठायचो. शेवटी पत्र आलं, पूर्वीपेक्षा एक पायरी खालच्या जागेचं. ताईने क्षणभर तोंड वाकडं केलं आणि सही केली. हिरवी कड काढताना म्हणाली, "सवय झाली होती हिची."

परवा तिच्याकडे गेले तर सकाळी चहा घेता घेता फोनवर काहीतरी टाइप करत होती. जुन्या कारखान्यात आता हिशेब विभागाची पाळी आली होती, आणि तिथल्या एका बाईने पोस्ट टाकली होती. ताईशी कधी धड न बोललेली बाई, मला नाव ऐकूनच राग येतो. लाईक शून्य.

"तिच्यासाठी कशाला?" मी म्हटलं. "तुला काढलं तेव्हा ती आली होती का?"

"माझं प्रोफाइल बघून गेली होती," ताई म्हणाली. "चार वेळा."

तिने त्या पोस्टखाली लिहिलेलं पुन्हा वाचलं आणि पाठवलं.