तेराचा पाढा आणि ब्रेकचा पाय

गंगाराम तोंडवळकराला गावात कुणी भांडखोर म्हटलं नाही, पण हट्टी सगळेच म्हणत. लढाईच्या काळात तो लष्करात ट्रक हाकायचा. तिथून परत येताना लोक पेटी, घड्याळ, एखादी पेन्शन घेऊन आले. हा घेऊन आला एक खोड. गाडी तपासल्याशिवाय चाक हलवायचं नाही. पुढे मुंबईच्या मंडळींनी वर्गणी काढून गावच्या हायस्कुलाला एक जुनी पेट्रोल बस घेऊन दिली आणि ती चालवायला गंगाराम मिळाला, तेव्हा त्या खोडीला हक्काचं घर मिळालं.

बस उभी राहायची शाळेच्या पटांगणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी लांबच्या वाड्यांवरची मुलं आणायची, संध्याकाळी पोचवायची. रोज उजाडताच गंगाराम तिच्याभोवती फिरू लागे. आधी जमीन बघायची. खाली पाणी ठिबकलेलं असलं तर रेडिएटर उघडून पाहायचा, इंजिनच्या तेलाचा एखादा थेंब असला तर ध्यानात ठेवायचा, पण ब्रेकचं तेल दिसलं की तपासणी तिथेच संपली. मग इंजिनातली दांडी बाहेर काढून बघायची, तेल दोन खुणांच्या मधे हवं. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबायचा. टायरची झीज चालेल, आतला दोरा दिसला की नाही चालणार. चाकांच्या नटांवर हातोडी मारायची, खणखणला तर घट्ट, बद्द वाजला तर सैल. स्टिअरिंग दोन बोटांपेक्षा जास्त रिकामं फिरता कामा नये. दिवे, हॉर्न, पावसाळ्यात काचेवरचा वायपर. मागचा संकटाचा दरवाजा एकदा आतून आणि एकदा बाहेरून उघडायचा, कारण खाऱ्या वाऱ्याने त्याची कडी चार दिवसांत गंजून घट्ट बसायची. फाटकी गादी, पोचा आलेला पत्रा, फुटका आरसा यांपैकी आरसा सोडून बाकी सगळं माफ.

या तपासणीला पोरांनी गाऱ्हाण्याचं रूप दिलं. गंगारामाचा बाप दाजी देवळात देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे गाव "व्हय म्हाराजा" म्हणायचं, हे पोरांना पाठ. गंगारामाचा आवाजही बापाचाच. तो ओरडला, "टायर बरे आसत", की शाळेपाशी राहणारी पोरं मागून कोरसात "व्हय म्हाराजा!" पहिल्यांदा तो चिडला. मग एकदा हेडमास्तर गुरुदास प्रभूही हळूच पोरांच्यात आवाज मिसळताना सापडले, तेव्हा त्याने हात टेकले. एवढंच बजावलं, की तुम्ही काहीही म्हणा, मी बघितल्यावाचून बोलणार नाही.

ब्रेकची तपासणी शेवटी. पाय पेडलवर दाबून धरायचा आणि पोरांनी तेराचा पाढा म्हणायचा. पाढा संपेपर्यंत पेडल जिथल्या तिथे राहिलं तर गाडी पास. हळूहळू खाली गेलं तर नापास, मग ती केसभर गेली असो की वीतभर. त्यानंतर शाळेच्या उतारावर हातब्रेक ओढून गाडी सोडून बघायची. शाळेची बस असल्यामुळे निकालही शाळेचाच, पास नाहीतर नापास. सहा वर्षांत तिला तो कितीदा तरी नापास करून मोकळा झाला होता आणि पोरांना सुट्टी मिळाल्यामुळे त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

बासष्ट साली मात्र मॅट्रिकला तीन मुली बसल्या. गावात मुलगी मॅट्रिकपर्यंत पोचण्याची ही पहिलीच वेळ. गुणाजी खवळ्याची हिरा, नर्मदा पेडणेकर आणि गंगारामाची आईवेगळी जानकी. केंद्र मालवणला, सोळा मैलांवर. मुलगे आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे जाऊन राहिले. मुलींना बाहेर रात्र काढू देणार नाही, असं गुणाजी आणि पेडणेकर दोघांनीही ठणकावलं होतं. गंगारामाने मधे पडून शब्द दिला, रोज सकाळी नेतो, रोज संध्याकाळी आणतो. त्या शब्दावर मुलींना परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. हिराचं लग्न जवळजवळ ठरलेलं होतं, पण मुलाकडचे म्हणत होते, मॅट्रिक झाली तर शाळेत नोकरी लागेल, मग दोन वर्षं थांबू.

आदल्या संध्याकाळी गंगारामाने बस तपासून ठेवली. सगळं ठीक होतं. एवढा निवांत तो कधी झोपला नसेल.

सकाळी तिघी ठेवणीतली पातळं नेसून, दौत-टाक घेऊन पटांगणात हजर. गुणाजी आणि पेडणेकर सोडायला आलेले, हेडमास्तरही. गंगाराम वाकून जमीन बघू लागला आणि मागच्या डाव्या चाकापाशी थांबला. टायरच्या आतल्या अंगाला ओलसर ओघळ होता. त्याने बोट लावून वास घेतला. मग बसखाली शिरला. आसाजवळची ब्रेकची नळी गंजून पातळ झाली होती आणि तिला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. रात्रभर तेल गळत राहिलं होतं. मिठाच्या वाऱ्याने सहा वर्षं जे चाललं होतं ते नेमकं त्या रात्री पुरं झालं.

ब्रेकच्या तेलाची वरची डबी रिकामी होती. त्याने तेल भरलं, पेडल चारदा मारलं, आणि दाबून धरलं. कुणी सांगायची वाट न बघता मुलींनी पाढा सुरू केला. तेरा चोक बावन्नपर्यंत त्याचा पाय तळाला टेकला होता. मुली मात्र थांबल्या नाहीत. तेरा दाहे तीसाशेपर्यंत पुरता पाढा म्हटला, आणि त्याने काही विचारायच्या आत तिघीही एका दमात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

गंगाराम पायाकडेच बघत राहिला. "नाय म्हाराजा," तो म्हणाला. "गाडी नापास."

पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसला नाही. हेडमास्तरांनी शुद्ध मराठीत विचारलं की आता काय करता येईल. गंगारामाने खरं सांगितलं. नळी कोल्हापूरला मिळेल. दुसरा उपाय एकच, गळकी नळी हातोडीने ठेचून बंद करायची, त्या चाकाचा ब्रेक सोडून द्यायचा आणि उरलेल्या तीन चाकांवर जायचं. लढाईत त्याने ते केलं होतं. त्याचा ट्रक पोचलाही होता. त्याच्या पुढचा, तसाच ठेचलेला, वळणावर एका अंगाला ओढला गेला आणि दरीत गेला. मालवणच्या वाटेवर खाडीकडे उतरणारा लाल खडीचा उतार होता, खाली वळण, वळणाला कठडा नाही.

गुणाजी समुद्रावरचा माणूस. फुटक्या होडीत बोळा कोंबून त्याने कितीदा किनारा गाठला होता. तो जवळ येऊन समजुतीने बोलला, "गंगाराम, वायच सांबाळून हाक. देव आसा मा."

"देव आसा," गंगाराम म्हणाला. "ब्रेक नाय."

"आमचीच पोरां आसत. आमी सांगतंव तुका, ने."

गंगारामाने नकाराची मान हलवली.  जानकी बापाकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर अजून आशा होती, हेच त्याला सोसवेना. आपण नाही म्हटलं तर या तिघींची परीक्षा बुडते आणि हो म्हटलं तर कदाचित काहीच होणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. 'कदाचित' हा शब्द त्याच्या तपासणीत कुठेच बसत नव्हता. त्याने किल्ली काढून हेडमास्तरांच्या हातात दिली, म्हणजे आपलंच मन फिरलं तरी हात रिकामे असावेत.

एस.टी. दुपारची. हेडमास्तरांनी शिपायाला सायकलवर मोठ्या रस्त्याला पिटाळलं, एखादा ट्रक थांबवायला. ट्रक मिळाला, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी भरलेला. मुली चिऱ्यांवर बसून गेल्या. केंद्रावर पोचल्या तेव्हा परीक्षा सुरू होऊन तास उलटून गेला होता. दार उघडलं नाही. नियम नियमच, त्या दारावरच्या माणसालाही कोणी हट्टी म्हणत असतील. लाल धुळीने माखलेल्या ठेवणीतल्या पातळांत तिघी संध्याकाळच्या एस.टी.ने परतल्या.

एक पेपर बुडाला म्हणजे ही परीक्षा गेली, पण ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं, असं हेडमास्तर घरोघरी सांगत फिरले. पालथ्या घड्यावर पाणी. वैशाखात हिराचं लग्न झालं, पाठोपाठ नर्मदाचं बांद्याला. गंगाराम जानकीला म्हणाला, तू तरी बस, मी चालत नेईन. ती भाकरी थापत होती. "त्या दोघींक नाय, मगे माकाच कशाक?" एवढंच म्हणाली. त्यात राग असता तर बरं झालं असतं.

गावानेही त्याला वाळीत टाकलं नाही की शिव्या दिल्या नाहीत. फक्त तो आला की बोलणं बदलायचं. आपण तीन जीव वाचवले, असं तो कुणाला सांगणार? दरीत न गेलेली गाडी दाखवता येत नाही. गेली असती की नाही, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

नळी आणण्यापेक्षा बस विकलेली बरी, असं मुंबईकर मंडळींनी कळवलं. कणकवलीच्या एका लाकूडवाल्याने ती घेतली आणि तिला न्यायला आपला ड्रायव्हर पाठवला. विडी ओढणारा, हसतमुख माणूस. गंगारामाने त्याला गंजकी नळी दाखवली. "होय होय," म्हणून त्याने हातोडी मागून घेतली, नळी दोन ठिकाणी ठेचली, तेल भरलं, ब्रेकमधली हवा काढली. नट तपासले नाहीत, टायर नाही, दरवाजा नाही. शाळेची जुनी मोडकी बाकं आत घातली, वर पाच-सहा माणसं फुकट बसली, आणि बस निघाली. त्याच वाटेने, त्याच उतारावरून. गंगाराम पटांगणात उभा राहून आवाज ऐकत होता. उतारावर गिअर बदलल्याचा आवाज आला, मग वळणाचा हॉर्न, मग काहीच नाही. तो तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.च्या कंडक्टरने निरोप आणला की बस कणकवलीला सुखरूप पोचली, ड्रायव्हर खूश आहे, गाडी अजून पाच वर्षं धावेल म्हणतो.

गंगाराम घरी आला. जानकी ओटीवर तांदूळ निवडत होती. तिच्याही कानावर गेलं होतं.

"बाबा, गाडी पोचली?"

"पोचली गो."

तिने सुपातले दोन खडे वेचून बाहेर टाकले. वर बघितलं नाही.

"मगे आमीय पोचलों असतों."

एकदा पोचली म्हणून गाडी पास होत नाही, हे त्याला सांगता आलं असतं. वळणावर ओढला गेलेला तो ट्रक सांगता आला असता. त्याने उंबऱ्याला हात टेकला आणि मुलीच्या डोक्याकडे बघत उभा राहिला.

"व्हय," तो म्हणाला.

जानकीने सूप उचललं आणि ती आत गेली.