शेजारच्या कार्बनभोवतीची चौकट

आमच्या प्रज्ञा मॅडम भित्र्या आहेत, हे मी त्यांच्या पाठीमागे सांगत नाही. तोंडावर शंभरदा सांगून झालंय. प्रयोगशाळेतून निघताना गॅसचा नॉब तीनदा बघायचा, जिना उतरायचा, परत चढायचा आणि चौथ्यांदा बघायचा. प्राचार्यांचं बोलावणं आलं की हात कोरडे असले तरी ओढणीला पुसायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मी म्हणायचो. त्या हसायच्या, आणि हसतानासुद्धा दाराकडे बघायच्या.

त्यांना घाबरायला कारण होतं, हे मला कळायला हवं होतं. मी मुरुडच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचा कायम प्राध्यापक, विभागप्रमुख, पगार एक तारखेला. त्या तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी नेमणूक, आणि मार्च संपला की तुम्ही कोण आणि आम्ही कोण. अशी नऊ वर्षं झाली होती. वडील धर्माजी दिघी-आगरदांडा फेरीबोटीवर दोर टाकायचे, ते आता थकले. आई कमळाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. घरातली पहिली एम.एस्सी. ही. आणि त्या वर्षी, कधी नव्हे ती, आमच्याकडे एक कायम जागा निघाली. मुलाखत मे महिन्यात. ही जागा गेली तर पुढची निघेपर्यंत मॅडमचे केस पिकणार होते.

मुलाखतीला विषयतज्ज्ञ म्हणून डॉ. दिनानाथ ठाकूर येणार, ही बातमी फुटलेलीच होती. आणि एप्रिलमध्ये आम्ही दोघं अलिबागच्या केंद्रावर पेपर तपासायला गेलो, तर परीक्षकांचे अध्यक्षही तेच. उंच, पांढरा शर्ट, आवाज न चढवता माणसाला खाली बसवणारे. एस.वाय.च्या ऑरगॅनिकचा पेपर त्यांनीच काढला होता आणि उत्तरांचा नमुनाही त्यांचाच होता. परीक्षकाने नमुना समोर ठेवायचा, त्याप्रमाणे गुण द्यायचे, डोकं चालवायचं नाही. मी बावीस वर्षं असंच करत आलोय.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास शेजारच्या टेबलावरून प्रज्ञा मॅडमनी माझ्यापुढे एक उत्तरपत्रिका सरकवली.

"सर, तिसऱ्या प्रश्नातला क बघा."

प्रश्न असा होता: आयसोब्युटिल ब्रोमाइडवर इथेनॉलमधल्या सोडियम इथॉक्साइडची क्रिया केली तर मुख्य पदार्थ कोणता, यंत्रणेसह, म्हणजे कोणता बंध कसा तुटतो-जुळतो ते बाणांनी दाखवून, लिहा. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, फार अवघड नाही. ब्रोमीन शेवटच्या कार्बनवर बसलेला आहे. बाहेरून आलेल्या इथॉक्साइडला दोन वाटा. एक, त्या कार्बनवर मागच्या बाजूने धडकायचं, ब्रोमीनला उठवायचं आणि स्वतः तिथे बसायचं. हे सबस्टिट्यूशन, आणि त्यातून ईथर मिळतो. दुसरी, शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून न्यायचा. तो गेला की दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध होतो आणि ब्रोमीन आपोआप निघून जातो. हे एलिमिनेशन, यातून अल्कीन. दोन्ही एकाच भांड्यात, एकाच वेळी चालू असतात. कोणती वाट जास्त वाहती, एवढंच ओळखायचं.

आता आम्ही सगळे शिकवतो की टोकाचा कार्बन मोकळा असतो, तिथे धडकणं सोपं, म्हणून सबस्टिट्यूशन. नमुन्यातही तेच: मुख्य पदार्थ ईथर. साध्या साखळीला ते लागूही पडतं, नव्वद टक्क्यांवर ईथर मिळतो. पण इथे शेजारच्या कार्बनला दोन मिथिल गट चिकटलेले. त्यांची अडगळ अशी की मागून धडकायला जागाच राहत नाही. शिवाय त्याच शेजाऱ्याचा हायड्रोजन काढला की जी अल्कीन होते ती चांगली टिकाऊ. त्यामुळे इथे अल्कीन जास्त. नमुना चुकला होता.

त्या उत्तरपत्रिकेत मुलाने अल्कीन लिहिली होती. शेजारच्या कार्बनभोवती ठिपक्यांची चौकट काढली होती, बाण अचूक होते. अशी चौकट या सबंध किनाऱ्यावर एकच बाई फळ्यावर काढते. टोकाचा कार्बन बघण्याआधी शेजारी बघा, म्हणून ठिपके ठिपके काढत बसते. मी कितीदा चेष्टा केली होती, की मॅडम, कार्बनाला कुंपण कशाला घालता.

"अशा अकरा आहेत माझ्याकडे," त्या पुटपुटल्या. "बहुतेक आपल्याच."

उत्तरपत्रिकांवर नाव नसतं, कॉलेज नसतं, फक्त सांकेतिक क्रमांक. परीक्षकाने मुलं ओळखायची नाहीत आणि ओळखली तर ताबडतोब सांगायचं, हा नियम. सांगितलं नाही आणि नंतर उघड झालं, तर परीक्षेच्या कामातून कायमची हकालपट्टी. आणि आता त्यांनी उठून म्हणायचं होतं की अध्यक्षांचा नमुना चूक आणि ही मुलं बरोबर. पहिला प्रश्न येणार होता, तुमचीच का?

"गप्प बसा," मी म्हणालो. खरंच म्हणालो, शब्द बदलत नाही. "पाच गुणांचा प्रश्न आहे. वीस दिवसांनी तोच माणूस तुमच्यासमोर बसणार. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"त्यातली दोघं या पाच गुणांवर नापास होतायत, सर."

मग त्यांनी लाल पेन उघडलं, बंद केलं. मला वाटलं, ऐकलं माझं. मी माझ्या गठ्ठ्याकडे वळलो. माझ्याकडेही अशा चौकटी येऊन गेल्या होत्या, सकाळीच. नमुन्याप्रमाणे शून्य देऊन मोकळा झालो होतो. चूक कळली नव्हती असं नाही. मी ती कळू दिली नव्हती.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला तेव्हा बघितलं तर मॅडम अध्यक्षांच्या टेबलाकडे निघालेल्या. हातातली उत्तरपत्रिका इतकी हलत होती की कागदाची फडफड मला ऐकू येत होती. सभागृहात पंधरा-सोळा परीक्षक, पंखे, आणि त्या बाईचा बसलेला आवाज.

"सर, तीन क मध्ये... मला वाटतं मुख्य पदार्थ ईथर नाही."

ठाकूर सरांनी वर बघितलं. "टोकाचा कार्बन आहे ना?"

"हो सर. पण शेजारी फांदी आहे."

"फांदीने वेग कमी होईल. वाट बदलणार नाही." मग सगळ्यांकडे बघून त्यांनी शांतपणे विचारलं, "इथे आणखी कुणाला असं वाटतं का?"

मी मान खाली घातली. समोरच्या पानावर काय होतं ते मला आजही आठवत नाही, पण मी ते फार लक्षपूर्वक वाचत होतो. कुणीच हात वर केला नाही. त्या शांततेत प्रज्ञा मॅडमनी एकदा मागे वळून बघितलं. कुणाकडे, ते मी सांगायला नको.

"सर, कुणाला काय वाटतं ते नको," त्या म्हणाल्या. "आकडे आहेत. इथल्या ग्रंथालयात पुस्तक असेल."

पुस्तक आलं. ठाकूर सरांनी स्वतः पानं उलटली. तक्त्यात सरळ दिलेलं होतं: साधी प्रोपिल साखळी, अल्कीन नऊ टक्के. आयसोब्युटिल, अल्कीन साठ टक्के. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग मॅडमना अगदी हळू आवाजात विचारलं, "या मुलांना हे कुणी शिकवलं?"

हाच तो प्रश्न. "माहीत नाही सर" म्हटलं असतं तर संपलं होतं. सांकेतिक क्रमांक होते, कुणी सिद्ध करू शकलं नसतं. मला तर वाटत होतं ओरडावं, माहीत नाही म्हणा. त्यांनी हात ओढणीला पुसले.

"मी, सर. चौकट माझी आहे. काल संध्याकाळी पहिल्यांदा शंका आली. तेव्हाच सांगायला हवं होतं. भीती वाटली."

"गठ्ठा ठेवा इथे," ठाकूर सर म्हणाले. "तुम्ही जा घरी."

बस. न रागावता. त्या पिशवी घेऊन निघाल्या. स्टँडवर मुरुडच्या एसटीत बसल्यावर काशीदपर्यंत आपण रडत होतो, हे त्यांनी मला पुढे सांगितलं. घरी काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण आईने चेहऱ्यावरून ओळखलं आणि सगळं काढून घेतलं. "घाबरूनशान गेलीस नि बोललीस तरी ना? मंग भाकर खा," एवढंच ती म्हणाली.

इकडे नमुना बदलला. सगळ्यांनी तपासलेले गठ्ठे पुन्हा उघडायचे ठरले. मी माझे उघडले आणि सकाळी दिलेली शून्यं एकेक करून खोडली, प्रत्येक खोडीशेजारी सही केली. नऊ सह्या. दहाव्या उत्तरात मुलाने आधी बरोबर अल्कीन लिहून, मग घाबरून ती खोडली होती आणि ईथर लिहिला होता. त्याला मी काहीच देऊ शकलो नाही.

संध्याकाळी सभागृह रिकामं झाल्यावर ठाकूर सर अजून तिथेच होते. मी सही करायला गेलो, तर चष्मा काढून डोळे चोळत होते.

"हा प्रश्न मी तिसऱ्यांदा काढलाय," ते म्हणाले. "दोनदा याच नमुन्याने तपासला. तेव्हा कुणी आलं नाही माझ्याकडे." मग म्हणाले, "की आलं नाही म्हणून मला बरं वाटत होतं, कोण जाणे." इतका घाबरलेला माणूस मी त्या दिवशी दुसरा पाहिला नव्हता, प्रज्ञा मॅडमसुद्धा नाही. जुने निकाल लागून गेले होते, मुलं कुठल्या कुठे पांगली होती.

मुलाखतीला ते आले नाहीत. या उमेदवाराबाबत आपण तटस्थ राहू शकणार नाही, असं विद्यापीठाला लिहून त्यांनी नाव मागे घेतलं. दुसरे तज्ज्ञ आले. त्यांना अलिबागचं काही माहीत नव्हतं. मुलाखतीत पाठ घेऊन दाखवायचा होता, तो मॅडम फळ्यापाशी थरथरतच शिकवत राहिल्या आणि निवडल्या गेल्या. परीक्षा विभागाचं ताकीदपत्र मात्र आलंच. ते आणि नेमणुकीचा आदेश एकाच आठवड्यात हातात पडले.

रुजू झाल्या त्या दिवशी मी पेढे मागवले. म्हटलं, आता तरी घाबरणं सोडा, आता तुम्हाला कुणी काढू शकत नाही. त्यांनी पेढा हातात तसाच धरला होता.

"म्हणून तर जास्त भीती वाटते, सर," त्या म्हणाल्या. "ठाकूर सरांना निदान कुणी सांगितलं तरी. आता पंचवीस वर्षं मी शिकवणार. त्यात काहीतरी चुकीचं असणारच. ते मला कोण येऊन सांगणार?"

त्या मला टोमणा मारत नव्हत्या, तो त्यांचा स्वभावच नाही. त्या खरोखर विचारत होत्या, माझ्याकडे बघत, आणि मी सांगेन असं मला त्यांना म्हणता आलं नाही.