कोरडेकाकांच्या घरचा पंखा

माझ्या वडिलांना सगळी वस्ती कोरडेकाका म्हणायची. हे आमचं आडनाव नव्हे. बाबा वायरमन होते आणि कुणाच्याही बाथरूमचं काम काढलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "सांधा कोरडा पाहिजे." वायर जिथे वायरीला जोडली जाते तिथे शिंतोडा पोचता कामा नये, हे ते इतक्या वेळा आणि इतक्या लोकांना सांगत की लोकांनी तेच नाव पाडलं. एकदा तर लग्नाची पत्रिकाही 'श्री. कोरडे व कुटुंबीय' अशी आली. आईने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "चला, म्हणजे मीही कोरडीच."

आणि कोरडं नव्हतं ते नेमकं आमचंच बाथरूम.

दुसऱ्या मजल्यावरचं आमचं घर दोन खोल्यांचं. बाथरूमला वर छताजवळ एक लहानसा झरोका होता, काचेच्या तिरप्या पट्ट्यांचा. त्यातून वाफ बाहेर जायची ती मनात आलं तर. आई आंघोळ करून आली की आरशावर धुकं, भिंतींवर ओघळ आणि छताच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके. आईला खोकल्याचा त्रास. डॉक्टरांनी ओल टाळा म्हणून सांगितलं तेव्हा आईने फक्त बाबांकडे पाहिलं होतं. बाबा म्हणाले होते, "या रविवारी एक्झॉस्ट बसवून टाकतो." तो रविवार यायला सहा वर्षं लागली, आणि आला तेव्हा तो शनिवार होता.

बाबा आळशी नव्हते. सकाळी साडेआठला बाहेर पडत, रात्री पाठ टेकली की घोरत. दिवसभर लोकांच्या भिंती खोदणाऱ्या माणसाला घरी हातोडा उचलावासा वाटत नाही, एवढंच. आई आठवण करून देई, बाबा "हो" म्हणत. त्यांचं "हो" इतकं गोड असे की समोरच्याला काम झाल्यासारखंच वाटायचं.

शेवटी आईने वाद घातला नाही. एका गुरुवारी भाजी आणायला म्हणून निघाली ती थेट इलेक्ट्रिकच्या दुकानात गेली. त्या दुकानदाराकडेच लोक कामं नोंदवत आणि तो चिठ्ठ्या लिहून बाबांना देई. आईने रांगेत उभं राहून काम नोंदवलं.

संध्याकाळी बाबांना तीन चिठ्ठ्या मिळाल्या. दोन त्यांनी तिथेच वाचल्या, तिसरी रस्त्यात उघडली. बाथरूमला एक्झॉस्ट पंखा, स्वतंत्र बटण, शनिवार सकाळी दहा. पत्ता वाचून त्यांना बरं वाटलं, आपल्याच इमारतीत काम, जिने चढायचे तेवढेच. मग घराचा नंबर वाचला. ते उलट्या पावली दुकानात गेले आणि म्हणाले की लिहिताना काहीतरी घोटाळा झालाय.

दुकानदार मान खाली घालून बल्ब मोजत होता. तो म्हणाला की बाई स्वतः आल्या होत्या, आणि उशीर चालणार नाही असं बजावून गेल्यात.

घरी आल्यावर बाबा त्याविषयी एक अक्षर बोलले नाहीत. आईही बोलली नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. जेवताना दोघांच्या चेहऱ्याकडे आळीपाळीने बघत होते, आणि दोघंही वरणभातात असे गढून गेले होते की जणू परीक्षाच आहे.

शनिवारी बाबा नऊला बाहेर पडले, दुकानातून सामान घेतलं आणि बरोबर दहाला स्वतःच्या घराची बेल वाजवली. खिशात किल्ली असताना. आईने दार उघडलं, "या" म्हणाली आणि कुठल्याही कारागिराला देते तसा पाण्याचा तांब्या पुढे केला. बाबा पाणी प्यायले, त्यांनी चप्पल बाहेर काढली आणि विचारलं, "बाथरूम कुठल्या बाजूला?"

आईने न हसता दाखवलं.

मग मात्र नाटक संपलं आणि काम सुरू झालं. बाबांना कामात पाहणं मला लहानपणापासून आवडे. त्यांनी आधी आईला सगळं समजावलं. पंखा झरोक्याच्या जागी, कारण शॉवर समोरच्या भिंतीला आहे आणि तिथून पाणी इथवर उडत नाही. बटण बाथरूमच्या बाहेर, दाराशेजारच्या बोर्डावर. ओला हात बटणाला लागायला नको. दिव्याच्याच बटणावर पंखा घेतला असता तर काम निम्मं झालं असतं. पण आई दिवसा दिवा न लावता आंघोळ करते, आणि शिवाय आंघोळ झाल्यावरही पंधरा-वीस मिनिटं पंखा चालायला हवा, म्हणून त्याला त्याचं बटण वेगळं. बाहेरच्या बोर्डापासून पंख्यापर्यंत एकच अखंड वायर, दारावरून, छताला लागून, पाइपातून. मध्ये कुठेही जोड नाही.

त्यांनी मेन स्विच बंद केला. त्याआधी टेस्टर चालू बोर्डावर लावून तो पेटतो की नाही ते बघितलं होतं, मग बंद केल्यावर बाथरूमच्या दिव्याच्या तारांना लावला. टेस्टरच मेला असेल तर तो सगळंच मेलंय म्हणून सांगतो, असं ते म्हणत.

दिव्याची वायर पंख्याच्या पाइपाच्या आड येत होती म्हणून त्यांनी आरशावरचा दिवा उतरवला. त्याची वायर भिंतीवरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीतून शॉवरच्या नळाच्या वरून गेली होती. त्यांनी पट्टी उचकटली आणि थांबले.

आतल्या वायरीला मधोमध जोड होता. दोन तारा एकमेकींना पीळ देऊन वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. चिकटपट्टी ओलीने सुटून लोंबत होती, आणि खालचं तांबं हिरवं पडलं होतं. शॉवरपासून हातभर अंतरावर. दिवा मधूनमधून फडफडतो अशी आईची तक्रार होती. बाबा दर वेळी बल्ब बदलून देत.

मला वाटलं आता बाबा त्या आधीच्या वायरमनचा उद्धार करतील. दुसऱ्यांच्या घरी ते तसा करत. पण ते बादली उपडी घालून तिच्यावर बसले आणि तो जोड हातात धरून बघत राहिले. तारेला पीळ डावीकडून दिलेला होता. बाबा डावखुरे.

आई दारात उभी होती. तिने विचारलं, "कुणी केलंय हे?"

"मीच," बाबा म्हणाले. "राहायला आलो त्या दिवशी. वायर दोन हात कमी पडली, दुकान बंद झालं होतं. उद्या बदलू म्हटलं."

मग बाबा पुढे बोलले, आवाज एकदम खाली गेला होता. "एकवीस वर्षं झाली. तू याच्याखाली उभी राहून आंघोळ करत होतीस. पोरगीसुद्धा."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. रागावण्याचा हक्क तिला होता आणि शब्दही होते, ते मला माहीत आहेत. पण ती आत आली, न्हाणीच्या कोरड्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "अहो, आता सापडलं ना? मग काढा."

बाबांनी ती सगळी वायर ओढून काढली. दिव्यालाही नवी, अखंड वायर घालायची, तीही शॉवरची भिंत सोडून दाराच्या बाजूने, असं ठरलं. पण वायर पंख्यापुरती, वर थोडी जास्त धरून आणलेली होती. दोन्ही ठिकाणी मोजून पाहिली, दिव्याला अडीच हात कमी पडली. पिशवीत जुन्या कामातला एक तुकडा होता. बाबांनी तो बाहेर काढला, हातात तोलला. दारावर, छताजवळ जोडला तर पाणी पोचणार नाही, असं ते स्वतःशीच पुटपुटले.

"शिंतोडा नाही पोचणार," आई म्हणाली, "पण वाफ? ती तर वरच जाते." हे तिला कुणी शिकवलं होतं ते सांगायला नको.

बाबांनी तुकडा पिशवीत ठेवला, चप्पल घातली आणि खाली उतरले. दुकानदाराने म्हणे विचारलं, काय, गिऱ्हाईक कडक आहे का? बाबा म्हणाले की गिऱ्हाईक बरोबर आहे.

दुपारपर्यंत काम झालं. झरोक्याच्या पट्ट्या काढून तिथे पंखा घट्ट बसला, बाहेरून पावसाचं पाणी येऊ नये म्हणून पंखा बंद झाला की मिटणारी झडप. वायर पंख्यात शिरण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवून मग वर घेतली, म्हणजे वाफेचं पाणी वायरीवरून ओघळलं तरी खालच्या वळणावर गळून पडेल, आत शिरणार नाही. तारा जोडल्या त्या पंख्याच्या स्वतःच्या झाकणाआड, स्क्रू आवळून, अर्थिंगची हिरवी तारसुद्धा. वायर जिथून भिंतीतून आत आली ते भोक बुजवलं.

मेन चालू केला. आईने बाहेरचं बटण दाबलं. पंखा घरघरला. बाबांनी वर्तमानपत्राचा कपटा जाळीजवळ धरला. दार उघडं होतं तोवर तो जाळीला चिकटून राहिला. दार लावलं की गळून पडला. आईला वाटलं पंखाच बिघडला. बाबा म्हणाले की पंखा ठीक आहे, पण हवा बाहेर टाकायची तर आत यायला वाट नको का? आमचं दार उंबऱ्याला घट्ट बसत होतं. त्यांनी ते बिजागरीवरून उतरवलं, खालून बोटभर कापलं, पुन्हा लावलं. आता दार लावूनही कपटा चिकटला.

मग त्यांनी हात धुतले आणि आईला विचारलं की बाई, काम पसंत आहे का? आई म्हणाली, "बरं आहे. माणूस बोलतो फार, पण हात चांगला आहे."

तो हिरवा पडलेला जोड बाबांनी फेकला नाही. पुढे कुणी बाथरूममध्ये 'तात्पुरता' जोड द्या म्हणालं की ते पिशवीतून तो काढून दाखवत आणि हा कुणाचा आहे तेही सांगत. लाज लपवून ठेवणं त्यांना जमत नसे.

छताचे ठिपके आईने पुसले ते परत आले नाहीत. खोकला पूर्ण गेला नाही, पण थंडीतल्या रात्री ती झोपू लागली. आणि एक गोष्ट झाली जी कुणाच्या हिशेबात नव्हती. पंख्याचा आवाज असल्यामुळे बाहेर काही ऐकू जात नाही, अशी आईची समजूत झाली आणि ती आंघोळ करताना गाऊ लागली. आईला गाता येतं हे मला विसाव्या वर्षी कळलं. बाबांना आधी माहीत होतं की नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. ते बाहेर खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसत आणि तेवढा वेळ पान उलटत नसत.

मी नोकरीला लागल्यावर त्यांच्यासाठी नवा पंखा घेऊन गेले. अगदी बिनआवाजाचा, दुकानात चालू करून दाखवला तरी कळत नव्हतं. बाबांनी खोका उघडला, पंखा हातात फिरवून पाहिला, चांगला आहे म्हणाले. मग स्वयंपाकघरात असलेल्या आईकडे एक नजर टाकून त्यांनी तो परत खोक्यात ठेवला.

"तुझ्या घरी लाव," ते हळूच म्हणाले. "आमचा घरघरतो तोच बरा आहे."