समोरून म्हणजे कुठून

मंगळवार, १८ नोव्हेंबर. त्या दिवसाचं काम: वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरांचा जुडगा, आणि कंट्रोलरचा डबा पहिल्यांदा एकमेकांना जोडून बघणे.

हार्नेस भोसरीच्या वर्कशॉपचा, डबा चाकणच्या आमच्याच टीमचा, सॉफ्टवेअर तिसऱ्यांचं. शुक्रवारी तिन्ही गोष्टी एका गाडीत बसून गाडी टेस्ट ट्रॅकवर जायची होती. ट्रॅकची ती वेळ हुकली तर पुढची तीन आठवड्यांनी. तिघांच्या तारखा जुळवणारा प्लॅन माझा, कोणती वायर कुठल्या पिनेत हे ठरवणारा करारही मीच लिहिलेला. त्यावर दोन्हीकडच्या सह्या होत्या, त्यामुळे मी निवांत होते.

वीज देण्याआधी मीटर लावायचा, असं प्लॅनमध्ये होतं. लावला. पहिल्या पिनेवर बॅटरीची प्लस हवी, तिथे मायनस निघाली. प्लस निघाली शेवटच्या, बाराव्या पिनेवर. वीज दिली असती तर आमचा एकुलता एक डबा धूर सोडून मोकळा झाला असता.

"हार्नेस उलटा भरलाय," डब्यावाला इंजिनिअर म्हणाला.

भोसरीच्या वर्कशॉपचे मालक तिथल्या जुन्या गावातले, तिथेच शेत होतं त्यांचं. ते शांतपणे म्हणाले, "आमचं बरोबर हाय. कागदात लिव्हलंय, समोरून बघताना पहिली पिन डावीकडं."

"समोरून म्हणजे जिथे जोडतो त्या तोंडाकडून, काका."

"आमी वायर घालतो तिकडनं बघतो. सोळा वर्षं तेच समोर हाय. तोंड तुमी बघा, आमाला पाठ पुरं."

दोघे टेबलाच्या दोन बाजूंना उभे होते आणि कनेक्टरकडे बोट दाखवून दोघेही 'समोर' म्हणत होते. मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

"कागद कोणी लिहिला, मॅडम?" इंजिनिअरने विचारलं. त्याला माहीत होतं.

"मी," म्हटलं. "आता दोघंही या बाजूला या."

डब्याचं सर्किट बदलणं शक्य नव्हतं, हार्नेसच्या पिना काढून पुन्हा घालता येत होत्या. काकांनी खिशातून पिना काढायचं हत्यार काढलं.

"ताई, शाळेत तुमी फळ्याकडं तोंड करून बसायचा का पोरांकडं?"

"मी दाराशी बसायचे."

"तरीच."

पाचपर्यंत त्यांनी आणलेल्या तिन्ही हार्नेसच्या पिना बदलून झाल्या. मीटरवर सगळं बरोबर निघालं. वीज दिली, डब्यावरचा हिरवा दिवा लागला. शुक्रवार वाचला. काकांनी चहा माझ्याकडून घेतला, तो न्याय्य होता.

बुधवारी सकाळी सगळ्यात आधी करारातला 'समोरून' खोडून 'जोडणीच्या तोंडाकडून' असं लिहिलं, शेजारी चित्र काढलं, नवा आवृत्ती क्रमांक टाकला आणि दोन्ही सह्या पुन्हा घेतल्या. मग बाकीचे करार उघडले. ब्रेकवाल्यांच्या कागदात मी लिहिलं होतं, 'वरून बघताना'. त्यांची गाडी दिवसभर लिफ्टवर असते आणि ते खाली उभे राहून काम करतात. फोन उचलला.